'उद्या' कधी आणि 'आपण' कोण? बोललेलं वाक्य बातमीत नेताना कुठे अडतं

जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर रात्री आठ ते अकरा हे एक दुखणं ठरलेलं असतं. तालुक्याहून वार्ताहराने लिहिलेली कॉपी येते. माहिती खरी असते, शुद्धलेखनही बरं असतं, पण वाचल्यावर हे नेमकं कोण बोललं, कोणाबद्दल बोललं आणि कोणत्या दिवसाबद्दल बोललं, ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचकाचा फोन येतो: "बातमीत उद्या म्हटलंय, म्हणजे आज की उद्या?"

वार्ताहराला विचारलं तर तो म्हणतो, "सर, ते जे बोलले तेच लिहिलंय." तेच लिहिलं असतं तर अडचण नव्हती. अवतरणचिन्हं टाकून जसंच्या तसं दिलं तर काहीच बदलावं लागत नाही. पण त्याने अर्धं तसंच ठेवलेलं असतं आणि अर्धं आपल्या तोंडून सांगितलेलं असतं. दोन्हींची सरमिसळ झाली की वाक्य लंगडतं.

एक कॉपी घेऊनच बघू. एका गावात बुधवारी संध्याकाळी ग्रामसभा झाली. सरपंच ताई जे बोलल्या ते वार्ताहराच्या फोनमध्ये रेकॉर्ड होतं:

"मी काल तालुक्याला जाऊन आले. साहेब म्हणाले, मोटर जळाली आहे, परवा नवीन बसवतो. उद्यापासून टँकर येईल. आपण सगळ्यांनी वर्गणी काढून इथली टाकी धुऊन घेऊ. तोपर्यंत कोणी हे पाणी पिऊ नका."

माझ्याकडे कॉपी आली ती अशी:

"सरपंचांनी सांगितले की मी काल तालुक्याला जाऊन आले. साहेबांनी म्हणाले की मोटर जळाली होती व परवा नवीन बसवत असल्याचे सांगितले. उद्यापासून टँकर येणार असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. आपण वर्गणी काढून इथली टाकी धुणार असल्याचे त्या म्हणाल्या. तोपर्यंत हे पाणी पिण्यास सांगितले नाही."

पाच वाक्यं आहेत आणि प्रत्येकात काहीतरी मोडलेलं आहे. शेवटच्या वाक्याने तर अर्थच उलटा केला, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी साचा ठरवा

दुसऱ्याचं बोलणं सांगायला मराठीत मुख्यतः तीन साचे आहेत. पहिला अवतरणाचा: ते म्हणाले, "मी येतो." दुसरा 'की' किंवा 'असे'चा: ते म्हणाले की मी येतो, किंवा, मी येतो असे ते म्हणाले. तिसरा वर्तमानपत्री, 'असल्याचे'चा: आपण येणार असल्याचे त्यांनी सांगितले.

गंमत मधल्या साच्यात आहे. घरी आपण सहज म्हणतो, "रमेश म्हणाला की मी आज जेवायला नाही." यातला 'मी' रमेश, हे ऐकणाऱ्याला कळतं, कारण सांगणारा समोर ताटावर बसलेला असतो. मराठीत 'की'नंतरचं वाक्य असं मूळ बोलणाऱ्याच्या तोंडचं राहू शकतं, ही चूक नाही. कागदावर मात्र ते ताट नसतं. "सरपंचांनी सांगितले की मी काल तालुक्याला जाऊन आले" यात निदान 'आले' ह्या स्त्रीलिंगी रूपाने सरपंच वाचवल्या. सरपंच पुरुष असते आणि वार्ताहरही पुरुष असता, तर 'मी जाऊन आलो' यातला मी कोण, हे वाचकाने ज्याचं त्याने ठरवायचं.

तिसऱ्या साच्यात ही सवलत बंद होते. 'असल्याचे' लावलं की आतलं वाक्य वाक्य राहत नाही, ते नामासारखं वागतं. मग "मी येणार असल्याचे त्यांनी सांगितले" यातला 'मी' म्हणजे बातमी लिहिणारा. ही माझी सगळ्यात भरवशाची चाचणी आहे: कॉपीतलं वाक्य 'असल्याचे'च्या साच्यात घालून बघायचं. तिथे 'मी', 'तू', 'आम्ही' टिकत नसतील, तर ते शब्द अजून मूळ बोलणाऱ्याच्याच तोंडात आहेत. मग एकतर अवतरणचिन्हं घालायची, नाहीतर सर्वनाम बदलायचं.

'की' आणि अवतरणचिन्ह एकत्र वापरू नये असं माझं मत आहे. 'ते म्हणाले की "मी येतो"' हे छापलेलं बरंच दिसतं, पण ते दारात उभं राहून आतही जाणं झालं. आणि 'की' दीर्घ लिहायचा. ऱ्हस्व 'कि' डेस्कवर दिवसाला वीसदा सुधारावा लागतो.

'मी'च्या जागी काय घालायचं

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला आपण शिकलेलो असतो की 'आय'चा 'ही' किंवा 'शी' होतो. मराठीत तोच नियम लावला की 'त्या' आणि 'त्यांनी' यांचा पूर येतो. "त्यांनी त्यांना सांगितले की त्यांची मोटर जळाली आहे." यात सरपंच कोण आणि साहेब कोण? मराठीत आदराने बोलताना 'ते' आणि 'त्या' हा फरक कर्त्यात दिसतो, पण 'ने'चा प्रत्यय लागला की दोघांचंही 'त्यांनी' होतं आणि 'ला' लागला की दोघांचंही 'त्यांना'. एक बाई, एक पुरुष, दहा माणसं, सगळे एका 'त्यांनी'त. वरच्या कॉपीत "उद्यापासून टँकर येणार असल्याचे त्यांनी स्पष्ट केले" हे साहेबांनी केलं की सरपंचांनी? मूळ बोलण्यात टँकरचं वाक्य सरपंचांचं आहे. कॉपीत ते साहेबांच्या नावावर चढलं, कारण शेवटचा उल्लेख साहेबांचा होता.

यावर साधा उपाय म्हणजे दोन व्यक्ती असतील तिथे सर्वनामाची काटकसर सोडून पद पुन्हा लिहिणं. 'सरपंचांनी' आणि साहेबांसाठी 'उपअभियंत्यांनी' हे दोनदा आलं तर कानाला थोडं जड लागतं, पण कोणाच्या तोंडी दुसऱ्याचं आश्वासन जात नाही.

दुसरा उपाय मराठीने स्वतःच दिलेला आहे: 'आपण'. "आपण निवडणूक लढवणार नसल्याचे त्यांनी सांगितले." इथे 'आपण' म्हणजे जो बोलतोय तोच, दुसरं कोणी नाही. 'ते निवडणूक लढवणार नसल्याचे त्यांनी सांगितले' यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे, कारण तिथला 'ते' भलताच कोणी असू शकतो. 'आपल्या', 'आपल्याला' यांचंही तसंच.

पण 'आपण' हा तीन कामं करणारा शब्द आहे आणि इथेच कॉपीतलं चौथं वाक्य कोसळलं. 'आपण' म्हणजे बोलणारा स्वतः. 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही. आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. सरपंच म्हणाल्या, "आपण सगळ्यांनी वर्गणी काढून टाकी धुऊन घेऊ." तो तिसरा 'आपण' होता. वार्ताहराने 'सगळ्यांनी' गाळलं, वाक्य 'असल्याचे'च्या साच्यात घातलं, आणि तिथे 'आपण'चा पहिला अर्थ आपोआप पुढे आला. आता बातमी सांगते की सरपंच ताई स्वतः वर्गणी काढून स्वतःच टाकी धुणार आहेत. निवडणूक जवळ असेल तर एखादीला हे आवडेलही.

म्हणून 'आपण' दिसलं की त्याच्या जागी 'स्वतः' ठेवून बघतो. बसलं, तर 'आपण' राहू देतो. 'स्वतः'ऐवजी 'सगळे मिळून' बसत असेल, तर 'आपण' काढून तेच शब्द लिहितो.

'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीत आहे, आणि सांगितलेल्या वाक्यात तो हमखास हरवतो. 'आम्ही वर्गणी काढू' म्हणजे सदस्य काढतील, समोरचे ग्रामस्थ नाहीत. 'आपण वर्गणी काढू' म्हणजे ग्रामस्थांच्याही खिशाला हात. दोन्हींचं "ते वर्गणी काढतील" केलं तर कोणाच्या खिशाला, हा मुद्दाच नाहीसा होतो. अशा वेळी बदलायच्या भानगडीत न पडता मी ते वाक्य सरळ अवतरणात ठेवतो. 'घेऊ', 'करू', 'काढू' ह्या रूपांत बोलणारा ऐकणाऱ्याला सोबत घेतो, आणि 'घ्यावी' किंवा 'घेणार' मध्ये ते सोबत घेणं उरत नाही.

सर्वनाम बदललं तर क्रियापदही बदलायचं, हे सांगायची गरज नसावी, पण आहे. 'मी येतो' आणि 'तो येतो' सारखंच दिसतं, त्यामुळे वर्तमानात चूक लपते. भविष्यात ती उघडी पडते: 'मी येईन'चं 'तो येईल' व्हायला हवं, आणि कॉपीत 'तो येईन' येतं. अनेक ठिकाणच्या बोलीत 'तो येईन' असंच म्हणतात, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या कानाला ते खटकत नाही. अवतरणात बोली ठेवावी. आपल्या तोंडचं वाक्य असेल तर 'येईल'.

'जळाली होती': इंग्रजीतून आलेला भूतकाळ

मूळ बोलणं: "मोटर जळाली आहे." कॉपी: "मोटर जळाली होती." हा 'होती' वार्ताहराने कुठून आणला? शाळेतून. इंग्रजीत सांगणारं क्रियापद भूतकाळी असलं की आतलं वाक्यही साधारणपणे एक पायरी मागे जातं, 'इज'चं 'वॉज' होतं. मराठीत असं काही होत नाही. "तो म्हणाला की मी आजारी आहे" आणि "तो म्हणाला की तो आजारी आहे" दोन्हींत 'आहे'च राहतो, जरी तो गेल्या महिन्यात म्हणाला असला तरी. "तो म्हणाला की तो आजारी होता" असं लिहिलं की मराठी वाचकाला वेगळंच कळतं: बोलताना तो बरा होता, आजार त्याआधीचा.

वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत करताना हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. इंग्रजीत 'ही सेड द ब्रिज वॉज अनसेफ' असतं. त्याचं "पूल धोकादायक होता, असे ते म्हणाले" केलं की वाचक समजतो, पूल आता दुरुस्त झाला किंवा पाडला. तो दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून जातो. "पूल धोकादायक आहे, असे ते म्हणाले" किंवा "पूल धोकादायक असल्याचे त्यांनी सांगितले" हेच बरोबर. तपासायचं तर मूळ वाक्य मनात बोलून बघायचं: माणूस त्या क्षणी 'आहे' म्हणाला की 'होता'? जे म्हणाला तोच काळ ठेवायचा.

इथे 'असल्याचे' उपयोगी पडतं, कारण त्याला स्वतःचा काळ नाही. पण जिथे काळच महत्त्वाचा आहे तिथे ते धोका देतं. "पूर्वी आठवड्यातून दोनदा पाणी यायचं" याचं "पाणी येत असल्याचे सांगितले" केलं, तर न येणारं पाणी बातमीत येऊ लागतं. असं वाक्य 'असे'च्या साच्यात ठेवायचं: पूर्वी आठवड्यातून दोनदा पाणी येत असे, असे ग्रामस्थांनी सांगितले. 'असे, असे' कानाला बोचतं खरं. मग 'यायचे, असे' करावं, पण काळ सोडू नये.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार वर्षांनी उमगली. 'येईल'ला 'असल्याचे' लावता येत नाही. 'आला'चं 'आल्याचे' होतं, 'येतो'चं 'येत असल्याचे' होतं, 'येणार'चं 'येणार असल्याचे' होतं. 'येईल'चं काही होत नाही. त्यामुळे 'असल्याचे'ची सवय लागलेला माणूस 'येईल'चं गुपचूप 'येणार' करून टाकतो. आणि हे दोन शब्द एक नाहीत. 'येणार' म्हणजे ठरलंय. 'येईल' म्हणजे यावं, बहुतेक येईल, माझा अंदाज आहे. सरपंच म्हणाल्या होत्या, "उद्यापासून टँकर येईल." कॉपी म्हणाली, "टँकर येणार असल्याचे त्यांनी स्पष्ट केले." अंदाजाचा करार झाला, वर 'स्पष्ट केले'चा शिक्काही बसला. टँकर आला नाही तर लोक बातमी घेऊन सरपंचांच्या दारात. 'येईल' असेल तर बातमीतही "येईल, असे त्या म्हणाल्या" एवढंच.

'बसवतो'चं उलट आहे. "परवा नवीन बसवतो" हा वर्तमानकाळ दिसतो, पण असतो शब्द दिलेला, भविष्याचा. त्याचं "बसवत असल्याचे" केलं की जणू आत्ता बसवतायत. ते "बसवणार असल्याचे" व्हायला हवं.

उद्या, परवा आणि कोणाचा परवा

काळाचे शब्द बदलायचं पुस्तकी कोष्टक सोपं आहे. बोलणं जुनं झालेलं असेल, तर 'आज'चं 'त्या दिवशी', 'उद्या'चं 'दुसऱ्या दिवशी', 'काल'चं 'आदल्या दिवशी', 'आता'चं 'त्या वेळी', 'इथे'चं 'तिथे', 'हा'चा 'तो'. गोष्ट किंवा आठवण लिहिताना हे चालतं. दैनिकात नाही चालत, कारण वाचक बातमी घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचतो. बुधवारच्या सभेतला 'उद्या' गुरुवारच्या अंकात 'आज' असतो. 'दुसऱ्या दिवशी' लिहिलं तर वाचक बोटं मोजतो. आमच्याकडे म्हणून एकच पद्धत आहे: वाराचं नाव, गरज असेल तर तारीख. 'गुरुवारपासून.' वाचक कधीही वाचो, गुरुवार बदलत नाही.

'येत्या', 'गेल्या', 'पुढच्या' यांच्याशीही हेच करायचं. बुधवारी बोललेल्या 'येत्या रविवारी'वर दोघांत वाद होऊ शकतो. तारखेवर होत नाही.

'परवा' मात्र स्वतंत्र दुखणं आहे. मराठीत 'काल' फक्त मागे जातो आणि 'उद्या' फक्त पुढे. हिंदीसारखा गोंधळ तिथे नाही. पण 'परवा' दोन्हीकडे जातो, आणि वर बोलण्यात "परवा भेटला होता" म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीही असू शकतं. तो मागचा की पुढचा हे फक्त क्रियापदावरून कळतं. आणि 'बसवत असल्याचे' सारख्या काळ नसलेल्या रूपात ते क्रियापदच दिशा दाखवत नाही. म्हणजे कॉपीत "परवा नवीन बसवत असल्याचे" वाचून दिशाही गेली.

या कॉपीत त्याहून मोठी अडचण होती. परवा नेमका कोणाचा? बोलण्याच्या आत बोलणं आहे. सरपंच मंगळवारी तालुक्याला गेल्या. साहेब मंगळवारी बोलले. सरपंच बुधवारी सभेत बोलल्या. 'परवा' हा शब्द साहेबांचा असेल, तर मंगळवारपासून मोजायचा, म्हणजे गुरुवार. सरपंचांनी आपल्या शब्दांत सांगितला असेल, तर बुधवारपासून, म्हणजे शुक्रवार. "साहेब म्हणाले, परवा बसवतो" हे वाक्य कितीदाही वाचा, उत्तर त्यात नाही. मराठीत बोलताना माणूस दुसऱ्याचं वाक्य त्याच्याच तोंडून सांगतो आणि दिवस मात्र आपल्या सोयीने बदलतो, 'बसवतो' साहेबांचं आणि 'परवा' आपला, एकाच दमात. व्याकरणाने हे सुटत नाही.

संदर्भाने थोडा अंदाज आला: टँकर गुरुवारपासून मागवला असेल, तर मोटर गुरुवारीच बसायची शक्यता कमी. पण अंदाजावर वार छापत नाहीत. वार्ताहराला सरपंचांना फोन करायला लावला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "ताई म्हणतात, साहेबांनी शुक्रवार सांगितला होता, आज बुधवार म्हणून मी परवा म्हटलं." आतल्या माणसाचा दिवस बाहेरच्या माणसाने सांगितला असेल, तिथे एक फोन करायचाच. त्याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

जागेचे शब्द त्यामानाने गरीब आहेत. "इथली टाकी" म्हणजे "गावातली टाकी", "हे पाणी" म्हणजे "टाकीतले पाणी". पण 'येणे' आणि 'जाणे' यांच्यावर डोळा ठेवावा लागतो, कारण तीही जागाच सांगतात. "मी उद्या तुमच्याकडे येतो" असं उपअभियंता गावकऱ्यांना म्हणाले, तर बातमीत ते गावात 'जाणार' की 'येणार'? बातमी गावातून लिहिली असेल तर 'येणार', शहरातल्या कार्यालयातून लिहिली असेल तर 'गावाला भेट देणार' म्हणून मोकळं व्हावं.

म्हणाले, सांगितले, स्पष्ट केले

"साहेबांनी म्हणाले" ही चूक इतकी नेहमीची आहे की सुधारताना हात आपोआप चालतो. 'म्हणणे'च्या 'म्हणाला' ह्या रूपाला 'ने' नको: साहेब म्हणाले, ताई म्हणाल्या. 'बोलले'लाही नको. 'सांगितले', 'विचारले', 'म्हटले' यांना हवा: साहेबांनी सांगितले, साहेबांनी म्हटले. 'म्हणाले' आणि 'म्हटले' एकाच क्रियापदाचे असून वेगळे वागतात, म्हणून पोरं घसरतात.

"असल्याचे त्या म्हणाल्या" हे वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं. मला ते खटकतं. 'म्हणणे'च्या आधी 'असे' हवं, 'असल्याचे'च्या पुढे 'सांगितले'. पण यावर मी कोणाशी भांडत नाही.

भांडतो ते 'स्पष्ट केले'वर. 'म्हणाले' आणि 'सांगितले' हे तटस्थ आहेत. 'स्पष्ट केले', 'निदर्शनास आणून दिले', 'कबूल केले' लिहिलं की आतली गोष्ट खरीच आहे, असं आपण आपल्या पदरचं सांगतो. 'दावा केला', 'आरोप केला' लिहिलं की ती अजून सिद्ध नाही, असंही सांगतो. "चोरी केल्याचे सांगितले" आणि "चोरी केल्याचे कबूल केले" यात एक माणूस तुरुंगाच्या जवळ जातो. एका परिच्छेदात 'सांगितले' तीनदा आलं म्हणून कंटाळून चौथ्यांदा 'स्पष्ट केले' लिहायचं नसतं. कंटाळा आला तर दोन वाक्यं एका 'सांगितले'खाली आणावीत.

'सांगणे'ची दुसरी बाजूही आहे: ते माहिती देणंही आहे आणि हुकूम देणंही. "येणार असल्याचे सांगितले" ही माहिती, "येण्यास सांगितले" हा हुकूम. आता शेवटचं वाक्य. "पाणी पिऊ नका" याचं कॉपीत झालं "पाणी पिण्यास सांगितले नाही." नकार आतल्या क्रियापदाचा होता, तो बाहेरच्याला चिकटला. पिऊ नका सांगणं आणि प्या असं न सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत माणूस पाणी पिऊन आजारी पडला तरी बातमी खोटी ठरत नाही. 'नका' असेल तर 'नये' करायचं आणि नकार आतच ठेवायचा: पाणी कोणीही पिऊ नये, असे सांगितले.

प्रश्नांना विशेष काही लागत नाही. "टँकर कधी येणार?" याचं "टँकर कधी येणार, असे ग्रामस्थांनी विचारले." हो-नाही प्रश्नात 'का' राहू द्यावा: "टँकर येणार का, असे विचारले." अलीकडे "विचारले जर टँकर येणार आहे" असं दिसायला लागलंय. हा 'जर' इंग्रजी 'इफ'च्या पाठीवर बसून आलेला आहे, त्याला उतरवावं.

शेवटी ती बातमी अशी गेली:

"नळयोजनेची मोटर जळाली असून नवी मोटर शुक्रवारी बसवणार असल्याचे पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांनी आपल्याला मंगळवारी सांगितले, अशी माहिती सरपंचांनी बुधवारी ग्रामसभेत दिली. गुरुवारपासून टँकर येईल, असे सरपंच म्हणाल्या. 'आपण सगळ्यांनी वर्गणी काढून टाकी धुऊन घेऊ,' असे आवाहन त्यांनी केले. तोपर्यंत टाकीतले पाणी कोणीही पिऊ नये, असेही त्यांनी सांगितले."

पहिलं वाक्य लांब आहे. त्यात दोन बोलणारे आणि तीन वार आहेत, त्यांना जागा लागतेच. 'आपल्याला' इथे सरपंचांनाच लागतं, कारण बाहेरचं वाक्य त्यांचं आहे. तरी कोणाला शंका वाटली तर 'आपल्याला' काढून 'सरपंचांना' घालावं, बिघडत काही नाही.

गुरुवारी सकाळी अकराला त्या गावातून फोन आला. टँकर आलेला नव्हता. मी ऐटीत सांगितलं, आम्ही 'येईल, असे सरपंच म्हणाल्या' असंच छापलंय, वाचून बघा. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "खालचं कोण वाचतंय साहेब, वर काय लिहिलंय?" अंक उघडून बघितला. वर दोन कॉलमी मथळा होता: 'आजपासून गावात टँकर'. ना 'येईल', ना 'सरपंच'. पुढे नुसतं ': सरपंच' लावलं असतं तरी भागलं असतं. मथळा मीच दिला होता.